दोन साहेब, एक रजा

"माझी काही हरकत नाही, पण एकदा तिकडे विचारून घे."

दोन मॅनेजरांच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसानं रजा मागितली की बहुतेक वेळा हे उत्तर मिळतं. मग तो तिकडे विचारतो. तिकडून उत्तर येतं, "तुझ्या मॅनेजरनं हो म्हटलं असेल तर मला चालेल." दोन्ही उत्तरं प्रेमळ आहेत आणि दोन्ही होकारासारखी वाटतात. माणूस खूश होऊन तिकीट काढतो. रजेला आठ दिवस उरले असताना मात्र फोन येतो, "अरे, तू त्या आठवड्यात नाहीस? मला कुणी बोललं नाही."

इथे कुणी खोटं बोललेलं नाही आणि कुणाच्या मनात दुष्टावाही नाही. तरी घोटाळा झाला, कारण पहिल्याचा होकार दुसऱ्याच्या होकारावर टेकला होता आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. अशा दोन सशर्त होकारांची बेरीज करून मंजुरी होत नाही. रजा मंजूर आहे, असं स्पष्टपणे कुणीच म्हटलं नव्हतं.

पुण्यात हिंजवडी-खराडीला, नवी मुंबईत ऐरोलीला किंवा बंगळुरू-हैदराबादला नोकरी करणाऱ्या हजारो मराठी मुलामुलींना हे ओळखीचं वाटेल. माझं म्हणणं असं, की अशा नोकरीत रजा मागताना दोन मंजुऱ्या गोळा करत फिरू नये. दोघांनी एकत्र बघून घेतलेला एकच निर्णय मागावा. तो कसा मागायचा, यालाही एक पद्धत आहे.

दोन साहेब आले कुठून?

एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, हा व्यवस्थापनातला जुना नियम. आंरी फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्यानं १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात तो ठामपणे मांडला. एका मोठ्या खाण-पोलाद कंपनीचा कारभार त्यानं बरीच वर्षं सांभाळला होता. कामगाराला दोघांकडून हुकूम येऊ लागले की शिस्त आणि अधिकार दोन्ही ढिले पडतात, हे त्याचं अनुभवाचं मत होतं.

पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश उद्योगाला हा नियम अपुरा पडू लागला. एखाद्या यानाच्या प्रकल्पाला यंत्र, वीज, रसायन अशा प्रत्येक शाखेतले तज्ज्ञ लागत. ते कायमचे प्रकल्पाकडे दिले, तर प्रकल्प संपल्यावर त्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राही. शाखेकडेच ठेवले, तर प्रकल्पाचं वेळापत्रक सांभाळायला कुणी उरत नसे. म्हणून उभ्या ओळीत शाखा आणि आडव्या ओळीत प्रकल्प अशी जाळी तयार झाली. माणूस दोन ओळी जिथे छेदतात तिथे बसला आणि त्याला दोन वरिष्ठ मिळाले. यालाच मॅट्रिक्स रचना म्हणतात.

आजच्या आयटी आणि इंजिनिअरिंग कंपन्यांत हीच रचना वेगळ्या शब्दांत दिसते. ज्याच्याकडे तुमचं वार्षिक मूल्यमापन, पगारवाढ आणि रजेची नोंद असते तो फंक्शनल मॅनेजर. संघटनेच्या तक्त्यावर त्याच्यापर्यंत ठळक रेघ जाते, म्हणून ऑफिसात त्याला 'सॉलिड लाइन' म्हणतात. जो रोजचं काम देतो तो प्रोजेक्ट मॅनेजर. त्याच्यापर्यंतची रेघ तुटक, म्हणून तो 'डॉटेड लाइन'. कामाचे तास बहुतेक तुटक रेघेकडे जातात आणि हजेरीपट ठळक रेघेकडे असतो. रजेची अडचण नेमकी या फटीत जन्म घेते.

फेयॉलनं आणखी एक गोष्ट सांगितली होती. दोन वेगळ्या विभागांतल्या समान दर्जाच्या माणसांनी प्रत्येक बाबतीत वर जाऊन पुन्हा खाली येण्याची गरज नाही. आपापल्या वरिष्ठांना कल्पना देऊन त्यांनी मधल्या पुलावरून थेट बोलावं, अशी मुभा त्यानं दिली. रजेच्या बाबतीत हा पूल दोन मॅनेजरांनी बांधायचा असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा कर्मचाऱ्यालाच त्या पुलाचं काम करावं लागतं. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे. आणि निरोप सांगणाऱ्याला निर्णय घेण्याचा अधिकार तर नसतोच.

एका गणपतीची गोष्ट

एक उदाहरण तपशिलात पाहू. ते माझं रचलेलं आहे, पण त्यातली कॅलेंडरं खरी आहेत.

समजा, पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत कुडाळकडची एक मुलगी टेस्ट इंजिनिअर आहे. तिचा ६० टक्के वेळ जर्मनीतल्या एका प्रकल्पाला दिलेला आहे आणि त्याचा प्रोजेक्ट मॅनेजर तिकडेच बसतो. उरलेला ४० टक्के वेळ पुण्यातल्या टेस्टिंग विभागाच्या सामाईक कामाला जातो. त्या विभागाच्या प्रमुख बाई तिच्या फंक्शनल मॅनेजर. वर्ष २०२५. गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. घरी गौरी-गणपती, विसर्जन मंगळवारी २ सप्टेंबरला. तिला सोमवार २५ ऑगस्टपासून २ सप्टेंबरपर्यंत गावी राहायचं आहे.

पहिला प्रश्न साधा वाटतो: ही रजा किती दिवसांची? पुण्याच्या कॅलेंडरप्रमाणे शनिवार-रविवार आणि चतुर्थीची सुट्टी वगळली की २५, २६, २८, २९ ऑगस्ट आणि १, २ सप्टेंबर, म्हणजे सहा दिवस. जर्मनीत २७ ऑगस्ट हा कामाचा दिवस, त्यामुळे प्रोजेक्ट मॅनेजरच्या हिशेबात ती सात दिवस नसणार. 'सहा दिवसांची रजा' एवढंच लिहिलं, तर दोघं दोन वेगळ्या गोष्टी वाचतील. अशा अर्जात दिवसांच्या आकड्याइतक्याच तारखाही स्पष्ट हव्यात. कंपनीत रजेच्या मधले शनिवार-रविवारही रजेत धरण्याचा नियम असेल, तर आकडा आणखी बदलतो. तो नियम फंक्शनल मॅनेजर किंवा एचआरला माहीत असतो, जर्मनीतल्या माणसाला नाही.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. कागदावर सहा दिवसांतला ६० टक्के भाग, म्हणजे ३.६ दिवस, प्रकल्पाचा बुडतो आणि २.४ दिवस विभागाचे. पण माणूस टक्क्यांत रजेवर जात नाही. तो गेला की दोन्हीकडून पूर्ण जातो. या प्रकल्पाची नवी आवृत्ती ग्राहकाला ४ सप्टेंबरला द्यायची आहे. त्याआधी २८ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर या पाच कामाच्या दिवसांत रिग्रेशन चाचणी आहे. नव्या बदलांमुळे जुनं काही बिघडलं नाही ना, हे पाहणारी ही संपूर्ण फेरतपासणी. त्या पाचांपैकी चार दिवस ती नाही. 'साडेतीन दिवसांचं नुकसान' ही भाषा म्हणूनच फसवी ठरते. खरी अडचण कोणत्या तारखांना कोणतं काम उघडं पडतं, ही आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रोजेक्ट मॅनेजरला ४ सप्टेंबरची तारीख ठाऊक आहे, पण पुण्यात त्या आठवड्यात आणखी कोण रजेवर जाणार हे त्याला माहीत नाही. फंक्शनल मॅनेजर बाईंसमोर विभागाचे सगळे अर्ज आहेत. तिच्याऐवजी जो सहकारी रिग्रेशन करू शकेल, त्याच्याही घरी दीड दिवसाचा गणपती आहे आणि त्यानं २८ तारखेची रजा आधीच टाकली आहे, हे त्यांना दिसतं. मात्र त्याच दिवशी रिग्रेशन सुरू होतं, हे त्यांच्या पडद्यावर नाही. एकाकडे कामाचं चित्र आहे आणि दुसऱ्याकडे माणसांचं. दोघांनी वेगवेगळा, मनापासून होकार दिला तरी २८ ऑगस्टला चाचणी सुरू करायला कुणीच नसेल. ही चूक फक्त दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावरच दिसते. एकत्रित मंजुरी शिष्टाचारासाठी लागते असं नाही. ती लागते यासाठी.

आधी तारीख, मग अर्ज

निर्णय कधीपर्यंत हवा, हे रजेच्या तारखेवरून ठरत नाही. पैसे किंवा शब्द जिथे अडकतो त्या तारखेवरून ठरतं. इथे ती तारीख रेल्वेची आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तिला शनिवारी २३ ऑगस्टला मुंबईहून सुटणारी कोकणकन्या पनवेलला पकडायची आहे, म्हणजे आरक्षण २४ जूनला सकाळी आठ वाजता उघडेल. गणपतीच्या गाड्यांची जागा किती वेळ टिकते हे कोकणातल्या कुणाला सांगायला नको. तेव्हा उत्तर शुक्रवारी २० जूनपर्यंत हातात हवं आणि अर्ज त्याच्या अकरा दिवस आधी, सोमवारी ९ जूनला जायला हवा.

अर्ज कसा असावा? पहिली अट अशी, की तो दोघांना एकाच वेळी, एकाच संदेशात जावा. एकाला आधी विचारून त्याचा होकार दुसऱ्याला दाखवला, की दुसऱ्याला आपल्याला गृहीत धरल्यासारखं वाटतं. वेगवेगळे संदेश पाठवले, की दोन वेगळी संभाषणं सुरू होतात आणि अटी जुळत नाहीत. मजकूर असा असू शकतो:

"दोघांनाही नमस्कार. गौरी-गणपतीसाठी मला २५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर २०२५ रजा हवी आहे. पुण्याच्या कॅलेंडरप्रमाणे हे रजेचे सहा दिवस, जर्मनीच्या कॅलेंडरप्रमाणे मी कामाचे सात दिवस नसेन. ३ सप्टेंबरला सकाळी रुजू होईन. माझी अर्जित रजा पुरेशी शिल्लक आहे.

या काळात दोन कामांवर परिणाम होतो. प्रकल्पाचं रिग्रेशन २८ ऑगस्टला सुरू होतं. विभागाच्या सामाईक कामाला या काळात ठरलेली मुदत नाही. रिग्रेशनसाठी माझा प्रस्ताव असा: स्वयंचलित चाचण्या कशा चालवायच्या हे मी १५ ऑगस्टच्या आत लिहून देईन. २० आणि २१ ऑगस्टला विभागातला एक सहकारी माझ्यासमोर त्या स्वतः चालवून पाहील. सहकारी कोण, हे फंक्शनल मॅनेजरनी ठरवावं अशी विनंती.

रेल्वे आरक्षण २४ जूनला उघडतं, म्हणून २० जूनपर्यंत दोघांच्या सहमतीनं एक उत्तर मिळावं. ते दोघांपैकी कुणी कळवणार, हे कृपया सांगावं. गरज असल्यास दोघांच्या सोयीनं पंधरा मिनिटांचा कॉल ठेवते."

हा मजकूर छोटा आहे, पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. तारखा दोन्ही कॅलेंडरांत दिल्या आहेत. शिल्लक रजा सांगितल्यामुळे फंक्शनल मॅनेजरचा पहिला प्रश्न मिटतो. 'काम कसं होईल' हा प्रोजेक्ट मॅनेजरचा पहिला प्रश्न त्यानं विचारण्याआधीच उत्तरासह मांडला आहे. सहकारी कोण हे तिनं स्वतः ठरवलेलं नाही, कारण तो अधिकार तिचा नाही. तिनं परस्पर नाव लिहिलं असतं, तर २८ तारखेची अडचण कधीच उघड झाली नसती. आणि शेवटची मागणी सर्वांत मोलाची: एक उत्तर, एका तारखेपर्यंत, एका व्यक्तीकडून.

'मी गावाहूनही लॅपटॉप उघडीन' हे वाक्य या अर्जात नाही, आणि ते नसणंच योग्य. मंजुरी लवकर मिळावी म्हणून अनेक जण हे आश्वासन आपण होऊन देतात. मग प्रोजेक्ट मॅनेजर तिला 'अर्धवट उपलब्ध' धरतो, फंक्शनल मॅनेजर पूर्ण रजा कापतात आणि ती गावच्या ओसरीवर नेटवर्क शोधत बसते. खरोखरच काही तास काम करायचं असेल, तर ते कोणत्या दिवशी, किती वेळ आणि रजेतून वजा होणार की नाही, हे आधी लिहून घ्यावं. नाहीतर देऊ नये.

दोघं बोलतात तेव्हा

उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. पुण्यात दुपारचा दीड वाजला की तिकडे सकाळचे दहा. अशा वेळी पंधरा मिनिटांचा कॉल सहज होतो. त्यात दोघांनी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. कोणतं काम उघडं पडतं? ते कोण करेल? आणि मंजुरीला काही अट आहे का?

आपल्या उदाहरणात पहिल्याच प्रश्नावर बाईंच्या लक्षात येईल, की पर्यायी सहकारी २८ तारखेला नाही. लगेच उपायही निघेल. स्वयंचलित चाचण्या सुरू करायला माणूस बसावा लागत नाही. २८ तारखेच्या रात्री त्या आपोआप सुरू होतील अशी वेळ आधीच लावून ठेवायची, आणि २९ला सहकारी परतल्यावर त्यानं निकाल वाचायचे. प्रोजेक्ट मॅनेजर एक अट घालेल: २१ ऑगस्टची रंगीत तालीम नीट पार पडली पाहिजे. अट रास्त आहे, पण तिच्यासोबत एक स्पष्टीकरण हवं. तालीम फसली तर काय? रजा रद्द होणार, की बाई दुसरा माणूस देणार? हे जूनमध्येच ठरवलं नाही, तर ऑगस्टमध्ये त्या अटीचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीनं लावेल. शहाणा निर्णय असा: रजा पक्की, तालीम फसल्यास पर्यायी माणूस देण्याची जबाबदारी विभागाची. तिकीट काढलेल्या मुलीनं दोन महिने टांगणीला राहू नये.

मग एकानं लिहायचं: "आम्ही दोघं बोललो. २५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर रजा मंजूर. व्यवस्था खालीलप्रमाणे." हे लिहिणारी व्यक्ती शक्यतो फंक्शनल मॅनेजर असावी, कारण रजेची अधिकृत नोंद तिच्याच हातात असते. प्रोजेक्ट मॅनेजरचं मत घेतल्याशिवाय तिनं उत्तर देऊ नये. मात्र उत्तर तिचं एकटीचं असावं. दोघांचे अधिकार अगदी समान ठेवले, तर प्रत्येकाकडे नकार देण्याची ताकद येते आणि होकाराची जबाबदारी कुणाकडेच उरत नाही.

यानंतरचा टप्पा अनेकांकडून राहतो. निर्णय झाला, तरी तो दोन ठिकाणी नोंदवावा लागतो. कंपनीच्या एचआर प्रणालीतला रजेचा अर्ज बऱ्याच ठिकाणी फक्त ठळक रेघेच्या मॅनेजरकडे जातो. सॅप सक्सेसफॅक्टर्ससारख्या प्रणालींत मॅट्रिक्स मॅनेजरला मंजुरीची एक पायरी म्हणून किंवा निव्वळ माहितीसाठी जोडण्याची सोय आहे, पण ती कंपनीनं मुद्दाम सुरू करावी लागते. ती नसेल, तर प्रकल्पाच्या वेळापत्रकात रजा वेगळी लिहावी लागते. आयटीतले बरेच गट दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम ठरवतात आणि टप्प्याच्या सुरुवातीला प्रत्येकाचे उपलब्ध दिवस मोजतात. त्या तक्त्यात तिचे दिवस शून्य दिसत नसतील, तर मंजूर रजेच्या काळातही तिच्या नावावर काम पडत राहील. बिघाड ओळखण्याची ही सोपी खूण आहे: रजेच्या तारखांत तुमच्या नावावर नवं काम आलं, तर मंजुरी प्रकल्पापर्यंत पोहोचलेली नाही.

आणखी एक खाचखळगा. जर्मनीच्या दक्षिण भागात शाळांना जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, त्यामुळे ऑगस्टमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर स्वतःच रजेवर असू शकतो. जूनमध्ये ज्यानं होकार दिला, तो ऑगस्टमध्ये खुर्चीत नसतो आणि त्याच्या जागी बसलेल्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणून लेखी उत्तर हवं, आणि रजेच्या आधीच्या आठवड्यात ते त्याच संभाषणात पुन्हा एकदा वर आणावं: "ठरल्याप्रमाणे सोमवारपासून मी रजेवर आहे, तालीम झाली, निकाल सहकारी पाहील." ही परवानगीची दुसरी विनंती नाही. ती सूचना आहे, आणि वाक्यरचनाही तशीच असावी.

मतभेद झाला किंवा कुणी बोललंच नाही तर

कधी एक हो म्हणतो आणि दुसरा नाही. अशा वेळी होकार देणाऱ्याचा आधार घेऊन निघून जाणं किंवा नकार देणाऱ्याची एकट्यानं समजूत काढत बसणं, दोन्ही टाळावं. दोन्ही उत्तरं एकाच संभाषणात ठेवून विचारावं, "आपल्या दोघांची उत्तरं वेगळी आहेत. अंतिम उत्तर कुणाचं धरू?" ते ठरत नसेल, तर दोन्ही रेघा वर जिथे मिळतात त्या वरिष्ठाकडे मॅनेजरांनीच प्रश्न न्यायचा असतो. कर्मचाऱ्यानं स्वतः वर जाण्याची वेळ आली, तर दोघांना कळवून जावं, आणि प्रश्न 'ते मला रजा देत नाहीत' असा न मांडता 'या तारखांवर एक निर्णय हवा आहे' असा मांडावा.

गप्प राहणं नकारापेक्षा अवघड. 'शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मंजूर समजेन' असं काही जण लिहितात. कंपनीच्या नियमांत तशी तरतूद असेल तरच लिहावं. नसेल, तर ती गैरहजेरी ठरू शकते. त्याऐवजी मुदतीच्या दोन दिवस आधी थेट फोन करावा आणि त्यावर जे बोलणं झालं ते त्याच दिवशी संभाषणात लिहून टाकावं.

या बाबतीत जुन्या कारखान्यांचे नियम आजच्या कार्यालयांपेक्षा काटेकोर होते. औद्योगिक सेवायोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ खालच्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत रजेच्या अर्जावर आठवड्याच्या आत किंवा रजा सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा, निर्णय देण्याचं बंधन होतं. मंजूर झाली तर कामगाराला रजेचा पास मिळे. नाकारली किंवा पुढे ढकलली तर कारण नोंदवहीत लिहावं लागे आणि कामगारानं मागितल्यास त्या नोंदीची नक्कल द्यावी लागे. सरकारी नोकरीत रजा हक्क म्हणून मागता येत नाही, पण ती मंजूर करणारा सक्षम प्राधिकारी ठरलेला असतो. एक कागद, एक सही, एक मुदत. मॅट्रिक्स रचनेनं कामाची लवचिकता मिळवली, पण ही स्पष्टता मागे सोडली.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाला आठ किरकोळ रजा, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा दिली आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. पंधरा दिवस आधी मागितलेली रजा मालकानं नाकारली, तर ४५च्या वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्कही त्यात आहे. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना हा कायदा लागू नाही. यात लक्षात घेण्यासारखं हे, की कायद्यासमोर मालक एकच आहे. त्याचे दोन मॅनेजर ही त्याची घरगुती व्यवस्था झाली. तिच्यातल्या विसंवादाचा भार कर्मचाऱ्यावर टाकण्याचं कोणतंही कारण त्या कायद्यात सापडत नाही.

सगळ्या रजांना ही पद्धत लावायचीही गरज नाही. ताप आला किंवा घरी कुणी गेलं, तर मंजुरीची वाट पाहायची नसते. दोघांना एका ओळीत कळवायचं आणि निघायचं. प्रसूती रजा कायद्यानं मिळते, तिच्या होण्या-न होण्यावर कोणताच मॅनेजर बोलू शकत नाही. फक्त कामाची व्यवस्था दोघांनी मिळून बघायची. एका दिवसाच्या किरकोळ रजेसाठी एवढा पसारा मांडला, तर लोक रजाच मागणार नाहीत. एकत्रित निर्णय लागतो तो आधी ठरवता येणाऱ्या, काही दिवसांच्या, कामाच्या तारखांना धडकणाऱ्या रजेसाठी.

हे सगळं प्रत्येक कर्मचाऱ्यानं स्वतःच्या हुशारीनं दर वेळी नव्यानं उभं करावं, ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. नव्यानं लागलेल्या मुलाला दोन वरिष्ठांना एकत्र लिहिण्याचं धाडस होत नाही. दोन मॅनेजर देणाऱ्या कंपनीनं नेमणुकीच्या दिवशीच चार ओळी लिहून द्याव्यात: रजेचं अंतिम उत्तर कुणाचं, मत कुणाचं घ्यायचं, किती दिवसांत द्यायचं आणि मतभेद झाल्यास कुणाकडे जायचं. त्या ओळी मिळाल्या नसतील, तर नव्या प्रकल्पावर जाताना पहिल्याच बैठकीत, रजेची गरज पडण्याच्या कितीतरी आधी, दोघांसमोर हे चार प्रश्न विचारावेत. त्या वेळी कुणाची रजा पणाला लागलेली नसते, म्हणून उत्तरं सरळ मिळतात आणि पुढे सगळ्यांना बांधून ठेवतात.